शेठ, हिशेब कळवा

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी-निफाड भागात द्राक्षाचा हंगाम सरत आला की बऱ्याच घरांतून एक पत्र निघतं. हल्ली ते बहुधा मोबाइलवरच लिहिलं जातं. ‘शेठ, मार्चअखेर आली, सोसायटीचं कर्ज भरायचं आहे. औषधाच्या दुकानदाराने तगादा लावलाय, घरात लग्न काढलंय. कृपा करून आमचे पैसे पाठवा.’ यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं. पण व्यापाऱ्याला उत्तर द्यावं लागेल असं त्यात काहीच नसतं. तो ‘पाठवतो’ म्हणतो आणि विषय मिटतो. किती पाठवणार, कोणत्या मालाचे, कोणत्या तारखेला, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

थकलेल्या पैशांचं पत्र कसं लिहावं हे समजायला आधी हा सौदा कसा होतो ते बघावं लागतं. द्राक्षाचा बराचसा व्यवहार शिवारात होतो. व्यापारी किंवा त्याचा माणूस गावातल्या दलालाबरोबर बागेत येतो, दोन-चार घडांचे मणी चाखून गोडी बघतो आणि किलोचा भाव तोंडी ठरतो. थोडा इसार हातावर ठेवला जातो. मग काढणी, क्रेट, बागेच्या कडेला काटा आणि वहीच्या पानावर वजनाची चिठ्ठी. माल गाडीत चढतो आणि दिल्ली-कोलकात्याच्या वाटेला लागतो. उरलेले पैसे ‘आठ-पंधरा दिवसांत’ मिळायचे असतात. तयार झालेला माल वेलीवर फार दिवस धरून ठेवता येत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा जोर असतो तो गाडी भरेपर्यंत, नंतर त्याच्या हातात फक्त चिठ्ठ्या उरतात.

बाजार समितीच्या आवारात लिलाव झाला असता तर चित्र थोडं वेगळं दिसलं असतं. तिथला व्यापारी समितीचा परवानाधारक असतो, पैसे थकले तर सचिवांकडे अर्ज करता येतो आणि परवान्याच्या भीतीने काही वेळा पैसे सुटतात. पण जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला आवाराबाहेरच्या विक्रीपुरता नियमनातून मोकळा केला. दारात गिऱ्हाईक आणण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर समितीचा अंकुश त्याच्यापर्यंत पोहोचेनासा झाला. म्हणून शिवार सौद्यात शेतकऱ्याचं स्वतःचं कागदपत्र हाच मोठा आधार आहे.

एक उदाहरण घेऊ. हे रचलेलं आहे, पण त्यातला पेच बागाईतदारांच्या ओळखीचा आहे. भाव ठरला किलोला ३४ रुपये. १० फेब्रुवारी २०२५ला ५० हजारांचा इसार मिळाला. ११, १२ आणि १४ फेब्रुवारीला काढणी झाली, वजनं भरली २,९४० किलो, ३,१२० किलो आणि २,१८० किलो. शेवटच्या काढणीपासून पंधरा दिवसांत, म्हणजे १ मार्चपर्यंत, पूर्ण पैसे द्यायचं ठरलं होतं. २६ फेब्रुवारीला बँकेत ८० हजार जमा झाले, पुढे काहीच आलं नाही. फोन केल्यावर शेठ म्हणाले, ‘तुमचा शेवटचा माल दिल्लीला उतरला तेव्हा मणी गळाले होते. त्याला २६च्या वर भाव देणार नाही.’ ही तक्रार त्यांनी पहिल्यांदा काढली ती पैसे मागितल्यावर.

या शेतकऱ्याने २० मार्चला पाठवावं असं पत्र मी असं लिहीन:

‘रा. रा. शेठजी यांस, स. न. वि. वि.

आपण माझ्या बागेतून ११, १२ व १४ फेब्रुवारी २०२५ रोजी थॉमसन द्राक्षे किलोला ३४ रुपये दराने खरेदी केली. तिन्ही दिवसांचे वजन आपल्या माणसासमोर झाले असून त्याच्या सहीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. एकूण वजन ८,२४० किलो, एकूण किंमत २,८०,१६० रुपये. पैकी १० फेब्रुवारीला इसार ५०,००० आणि २६ फेब्रुवारीला बँकेत ८०,००० मिळाले. बाकी १,५०,१६० रुपये. ही बाकी १ मार्चपर्यंत देण्याचे ठरले होते.

१४ तारखेच्या २,१८० किलो मालास २६ रुपयेच देऊ, असे आपण फोनवर म्हणालात. ते मला मान्य नाही. माल आपल्या माणसाने बागेत पाहून, निवडून, वजन करून गाडीत भरला आणि त्याबद्दल त्या वेळी वा माल पोहोचल्यावर आपण काही कळवले नाही. तरी आपले म्हणणे क्षणभर धरले, तरीही फरक १७,४४० रुपयांचाच होतो. उरलेल्या १,३२,७२० रुपयांबद्दल आपला काही वाद नाही. ती रक्कम ५ एप्रिल २०२५पर्यंत माझ्या खात्यात जमा करावी. १७,४४० रुपयांवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही. त्याबाबत आपल्याकडे दिल्लीची विक्रीपट्टी असल्यास तिची प्रत पाठवावी.

मुदतीत रक्कम न आल्यास या पत्राच्या तारखेपासून पूर्ण बाकीवर बँकेच्या प्रचलित दराने व्याज मागेन. वरील हिशेबात चूक असल्यास कोणत्या ओळीत ते लेखी कळवावे. चिठ्ठ्या व बँकेच्या उताऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. कळावे.’

पत्रात लग्न नाही, सोसायटी नाही आणि दमही भरलेला नाही. ‘तुम्ही आमची फसवणूक केली’ असं लिहायचा मोह अनावर असतो, पण तो टाळलेला बरा. पैसे थकवणं ही एरवी दिवाणी बाब आहे. फौजदारी फसवणूक ठरायला सौदा करतानाच बुडवायचा हेतू होता असं दिसावं लागतं. एकाच हंगामात पंचवीस बागांचा माल उचलून गाळा बंद करून जाणारा व्यापारी त्यात बसू शकतो. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या तक्रारी घेऊन अशा व्यापाऱ्यांमागे पोलीस लावले, तेव्हा पुष्कळांची जुनी येणी निघाली. पण भावावरून कुरबूर करणारा, दरवर्षी येणारा व्यापारी त्या जातीचा नसतो. त्याला चोर म्हटलं की तो हिशेबाचं सोडून अपमानाचं बोलायला लागतो.

पत्राची खरी कळ वादाची रक्कम वेगळी काढण्यात आहे. थकबाकीदार व्यापारी बहुधा पूर्ण नकार देत नाही. तो मालाच्या एखाद्या भागाची तक्रार पुढे करतो आणि तिच्या आडून सगळेच पैसे अडवतो. इथे तक्रार आहे साडेसतरा हजारांची, अडकलेत दीड लाख. हे दोन आकडे कागदावर शेजारी आले की १,३२,७२० का दिले नाहीत, याला व्यापाऱ्याकडे सांगण्यासारखं काही राहत नाही. पण ‘हक्क सोडलेला नाही’ हे वाक्य गाळलं, तर शेतकऱ्याने २६चा भाव कबूल केला असा अर्थ कुणी लावील, म्हणून ते हवंच.

आणि गळलेल्या मण्यांचं काय? १९३०च्या माल विक्री कायद्याचा साधारण नियम असा की मालाची मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही त्याच्याकडे गेली. वेगळा करार नसेल, आणि माल बागेत पाहून, वजन करून, खरेदीदाराच्या गाडीत चढला असेल, तर पुढच्या प्रवासातली नासाडी शेतकऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. शिवाय मिळालेला माल परत विकून टाकला, तर तो स्वीकारला असंच धरतात. याचा अर्थ तक्रार नेहमी खोटी असते असा मात्र नाही. काढणीच्या आदल्या दिवशी पाऊस झाला असेल आणि तडकलेले मणी घडांत दडवून भरले असतील, तर खरेदीदाराला किमतीत कपात मागता येते. म्हणून पत्रात विक्रीपट्टी मागितली आहे. नुकसान खरं असेल तर पट्टीत भाव पडलेला दिसेल, नसेल तर पट्टी येणारच नाही.

व्याजाची ओळ धमकी वाटते, पण तिचं काम निराळं आहे. सौद्यात व्याज ठरलेलं नसताना, लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देण्याची सोय १९७८च्या व्याज कायद्यात आहे. ते देणं न्यायालयाच्या मर्जीवर असतं, मात्र ‘व्याज मागेन’ असं त्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ज्याने ते लिहिलं नाही, त्याचे मधले महिने बहुधा कोरडे जातात.

आता शेवटचं वाक्य, ‘चूक असल्यास लेखी कळवावे’. दाव्याची मुदत १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं आहे. उधारीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर माल दिल्यापासून. आपल्या उदाहरणात ती १ मार्च २०२८च्या सुमारास संपेल. शेतकरी पत्रांवर पत्रं लिहीत राहिला तरी त्यामुळे ती एका दिवसानेही वाढत नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुदत नव्याने सुरू होते ती व्यापाऱ्याने ती संपण्याआधी सहीनिशी देणं कबूल केलं तर. ‘तुमचे १,३२,७२० आहेत, दिवाळीला देतो’ एवढी सहीची चिठ्ठी मिळाली तरी पुरे. पैसे लगेच हाती आले नाहीत तरी पत्राने अशी कबुली मिळवली, तर ते वाया गेलं नाही.

पत्र पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावं, पावती चिठ्ठ्यांबरोबर जपावी आणि तेच व्हॉट्सॲपवरही टाकावं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुढे पुरावा म्हणून मांडता येतं, पण त्यासाठी ठराविक प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलताना जुने संदेश पुसून टाकू नयेत.

अशा पत्राला पुष्कळदा उत्तर म्हणून पुढच्या तारखेचा चेक येतो आणि बरोबर निरोप असतो, ‘मी सांगेपर्यंत बँकेत टाकू नका.’ इथे फार जण फसतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. भिडेपोटी तेवढे दिवस गेले की हातात नुसता कागद उरतो. वेळेत भरला आणि परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार करायची. ही नोटीस मात्र आपल्या हिशेबाच्या पत्रात मिसळू नये. तिच्यात चेकची रक्कम स्वतंत्र आणि नेमकी मागावी लागते, इतर बाकीशी सरमिसळ झाली तर नोटीसच वादात सापडते. ती वकिलाकडून करून घ्यावी.

चेकही नाही आणि उत्तरही नाही, अशी वेळ आली तर व्यापारी दिल्लीचा आहे म्हणून दिल्लीला जावं लागत नाही. सौदा आणि मालाचा ताबा बागेत झाला असल्याने दावा आपल्याच भागातल्या दिवाणी न्यायालयात लावता येतो. त्याच्याही आधी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज देता येतो. त्याला कोर्ट फी पडत नाही. समिती समोरच्याला लोकअदालतीला बोलावते. त्याने यायलाच हवं अशी सक्ती नाही, पण आला आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. अर्जासोबत तिन्ही चिठ्ठ्या, बँकेचा उतारा, २० मार्चचं पत्र आणि टपालाची पोच जोडावी.