कॉलर, कड आणि तळ

खरेदीच्या ॲपवर स्निकर शोधायला गेलं की चार चौकटी समोर येतात: चंकी, लो-टॉप, हाय-टॉप आणि कोर्ट. मांडणी अशी असते, की प्रत्येक बूट यातल्या एकाच चौकटीत बसावा. प्रत्यक्षात हे चार शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतही नाहीत आणि एकच गोष्ट चार प्रकारे सांगतही नाहीत. लो आणि हाय हा हिशेब बुटाच्या वरच्या काठाचा, म्हणजे कॉलरचा. चंकी हा तळाच्या अंगलटीचा. आणि कोर्ट म्हणजे तो तळ कुठल्या हालचालीसाठी बांधलाय त्याचा. त्यामुळे एकच जोडी हाय-टॉपही असते आणि कोर्टही, दुसरी लो-टॉप असूनही चंकी. हा गोंधळ कुणी मुद्दाम केलेला नाही. तो शंभर वर्षांत थरावर थर चढून झालाय, आणि ते थर क्रमाने पाहिले तर फोटोतला बूट बराच बोलका होतो.

सुरुवात करायची ती १९१७पासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्व्हर्स कंपनीने बास्केटबॉलसाठी ऑल स्टार हा बूट काढला. घोट्याच्या वर जाणारं कॅनव्हास आणि खाली रबर. चक टेलर नावाचा खेळाडू पुढे कंपनीचा विक्रेता झाला, गावोगाव फिरून त्याने हा बूट खपवला, आणि १९३०च्या दशकात त्याची सही घोट्यावरच्या गोल बिल्ल्यात गेली. म्हणजे जगातला सर्वांत ओळखीचा हाय-टॉप हा मुळात कोर्टवरचा बूट. त्या काळी ‘हाय-टॉप की कोर्ट’ हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

याची बांधणी फोटोत नीट दिसते. कॅनव्हासचा वरचा भाग तळावर बसवतात, भोवती रबराची पट्टी गुंडाळतात आणि सगळा बूट भट्टीत तापवतात, म्हणजे रबर पक्कं होऊन एकजीव होतं. त्यामुळे बाजूची कड पातळ, गुळगुळीत आणि सगळीकडे जवळपास सारख्या उंचीची असते. तिच्यावर शिवण नसते. आपल्याकडे शाळेत पीटीच्या तासाला घालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट याच कुळातले. पावसाळ्यात ती पट्टी सुटून लोंबायची, हे ज्यांनी ते घातलेत त्यांना वेगळं सांगायला नको. शिवलेल्या तळाची कड अशी लोंबत नाही.

ऑल स्टारच्या फोटोत आणखी एक खोच आहे. गोल बिल्ला घोट्याच्या आतल्या बाजूला असतो, आणि हवा खेळण्यासाठीची दोन धातूची भोकंही आतल्याच बाजूला. विक्रीचे फोटो मात्र बहुधा बाहेरच्या बाजूने काढलेले असतात. मग बिल्ला दिसत नाही म्हणून माल नकली ठरवणारे महाभाग भेटतात. म्हणून कुठल्याही फोटोत आधी ठरवावं ते हे, की आपण पायाच्या आतल्या अंगाला पाहतोय की बाहेरच्या. आतल्या बाजूला पावलाच्या कमानीपाशी बूट किंचित आत वळतो आणि अंगठ्याकडचा भाग लांब, सरळ जातो. बाहेरची बाजू करंगळीकडे गोल वळते.

१९५७ साली कॉन्व्हर्सने याच बुटाची आखूड आवृत्ती काढली. तळ तोच, कॅनव्हास तेच, फक्त कॉलर घोट्याच्या खाली आली. लो आणि हाय ही एकाच बुटाची दोन रूपं आहेत, हे या जोडीत स्वच्छ दिसतं.

कॉलर वाचायची तर घोट्याचं हाड पाहावं. आपल्या बाहेरच्या घोट्याचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. लो-टॉपच्या बाहेरच्या बाजूला म्हणूनच कॉलरला खोलगट झोक दिलेला असतो, नाहीतर काठ हाडावर घासेल. पाय बुटात असेल आणि हाड पूर्ण उघडं असेल तर लो, पूर्ण झाकलं असेल तर हाय, काठ हाडाच्याच आसपास रेंगाळत असेल तर मिड. पाय नसलेल्या फोटोत लेसची भोकं कुठवर चढलीत ते पाहावं. लो-टॉपमध्ये ती पावलाच्या उतारावरच संपतात. हाय-टॉपमध्ये ती उतार संपवून नडगीच्या दिशेने सरळ उभी चढतात. पँट खाली आलेली असेल तर मात्र उंचीवर पैज लावू नये.

साठच्या दशकात कॅनव्हासची जागा चामडं घेऊ लागलं आणि बांधणी बदलली. आदिदासने एका फ्रेंच टेनिसपटूच्या नावाने काढलेला पांढरा चामडी बूट पुढे अमेरिकन टेनिसपटू स्टॅन स्मिथच्या नावाने जगभर गेला. १९६९मध्ये त्याच कंपनीचा सुपरस्टार आला. बास्केटबॉलचा, पण लो-टॉप, आणि टोकाला शिंपल्यासारखी रबरी टोपी. या बुटांचा तळ म्हणजे साच्यातून काढलेली उथळ वाटी. वरचा भाग तिच्यात बसवून कडेने शिवतात. बाजूने काढलेल्या फोटोत कडेच्या वरच्या भागात बुटाभोवती फिरणारी टाक्यांची ओळ दिसली, तर हाच वाटीचा तळ समजावा.

ही वाटी का, हे कळलं की ‘कोर्ट’ या शब्दाचा उलगडा होतो. पळणारा माणूस पुढे जातो, त्याला टाचेखाली गादी हवी. कोर्टवरचा खेळाडू आडवा झेपावतो, थांबतो, उलटा वळतो. त्याच्या पायाखाली उंच, मऊ गादी दिली तर तो कडेवरून कलंडेल. म्हणून कोर्टचा तळ सपाट, रुंद आणि जमिनीलगत असतो, आणि कड पावलाला बाजूने धरून ठेवते. फोटोत ओळखायचं ते असं: तळाची वरची रेषा जमिनीशी जवळपास समांतर जात असेल तर कोर्ट. टाचेकडे जाड, चवड्याकडे निमुळता आणि टोक वर उचललेलं असेल तर तो पळण्याच्या कुळातला. तळाचा फोटो असेल तर कोर्टच्या बुटावर चवड्याखाली गोल वर्तुळ किंवा माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी बऱ्याचदा सापडते. वर्तुळ गिरकीसाठी, नक्षी पकडीसाठी.

सर्वांत जास्त फसवणारा बूट याच घराण्यातला आहे. ब्रूस किलगोरने रेखाटलेला नाईकीचा एअर फोर्स १ हा १९८२मध्ये आला तो हाय-टॉप म्हणून. आज रस्त्यावर दिसतं ते त्याचं नंतरचं लो रूप. त्याची पांढरी कड जाड दिसते, म्हणून त्याला सर्रास चंकीत टाकतात. पण कड जाड दिसली तरी पाऊल त्या वाटीच्या आत, कडेच्या काठाखाली बसलेलं असतं. कड एकसंध आहे, जमिनीला समांतर आहे आणि वरच्या भागाच्या फार बाहेर आलेली नाही. माझ्या मते हा कोर्टचा लो-टॉप, बाकी काही नाही.

फोटो वाचण्याचं खरं मोल १९८४-८५च्या एका प्रकरणात दिसतं. पीटर मूरने रेखाटलेला एअर जॉर्डन १ हा १९८५च्या वसंतात दुकानात आला. लाल-काळ्या जोडीवर एनबीएने बंदी घातली, अशी जाहिरात झाली आणि बूट तुफान खपला. लीगचं पत्र खरंच आहे. फेब्रुवारी १९८५च्या त्या पत्रात १८ ऑक्टोबर १९८४च्या सुमारास घातलेल्या लाल-काळ्या बुटांचा उल्लेख आहे. पण त्या हंगामाच्या सुरुवातीच्या फोटोंत जॉर्डनच्या पायाकडे नीट पाहिलं तर बाहेरच्या घोट्यावर पंख लावलेल्या चेंडूचा शिक्का दिसत नाही. एअर जॉर्डन १ची ती खूण. पंख असायला हवेत तिथे नुसती अक्षरं आहेत. तो नाईकीचा एअर शिप हा वेगळा बूट होता. दोन्ही हाय-टॉप, दोन्ही कोर्टचे, दोन्हींवर मोठा स्वूश. उंची आणि तळ पाहून फरक करता आला नसता, तो घोट्यावरच्या हातभर नव्हे, बोटभर जागेत होता. १ नोव्हेंबर १९८४च्या सामन्यात जॉर्डनने घातलेली एअर शिपची जोडी २०२१मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे १४ लाख ७२ हजार डॉलरला गेली.

जॉर्डन १चं हाय आणि मिड ओळखताना पुन्हा लेसची भोकं कामी येतात. हायमध्ये एका बाजूला ९, मिडमध्ये ८. समोरून काढलेल्या फोटोत कॉलरचा अंदाज चुकतो, पण भोकं मोजता येतात. त्यानंतर उंचीचं महत्त्व उतरत गेलं. कोबी ब्रायंटने २००८-०९च्या हंगामात लो-टॉप घालून एनबीए खेळायला सुरुवात केली, आणि बास्केटबॉल म्हणजे हाय-टॉप हे समीकरण मोडलं.

शेवटचा थर २०१७चा. बालेन्सियागाने ट्रिपल एस आणला, ज्यात पळण्याच्या, बास्केटबॉलच्या आणि ट्रॅकच्या बुटांचे तळ एकावर एक चढवले होते. चंकीची लाट त्याच्या आधीपासून येत होती, पण डोळ्यांत भरली ती इथे. खरा चंकी ओळखायच्या खुणा दोन: तळात वेगवेगळे थर किंवा लाटा दिसतात, आणि तळ वरच्या भागाच्या बाहेर, विशेषतः टाचेमागे, ठळक डोकावतो. वरही जाळी आणि चामड्याचे तुकडे थरांत शिवलेले असतात. ट्रिपल एस जमिनीपासून मोजला तर कॉलर इतकी वर जाते, की लोक त्याला मिड म्हणतात. मोजायचं जमिनीपासून नाही, तळ जिथे संपतो आणि वरचा भाग सुरू होतो त्या रेषेपासून. तिथून मोजलं की तो सरळसरळ लो-टॉप ठरतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचा दोषही लक्षात ठेवावा लागतो. जवळून, टोकाकडून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि साधा टेनिसचा बूटही चंकी वाटतो. वरून काढलेल्या फोटोत उलट तळच गायब होतो आणि चंकी बूट सडपातळ दिसतो.

म्हणून वापरलेली जोडी ऑनलाइन घेणार असाल, तर विकणाऱ्याकडून तीन फोटो मागून घ्या. बूट जमिनीवर ठेवून, कॅमेरा जमिनीच्याच पातळीवर धरून, हातभर लांबून बाहेरच्या बाजूचा एक, तसाच आतल्या बाजूचा एक, आणि तळाचा एक. आढेवेढे घेणाऱ्याकडून घेऊ नका.