उत्तराला उत्तर जोडणारा प्रश्न कसा तयार कराल?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ऑनलाइन तासाला "बाष्पीभवन म्हणजे काय?" असा प्रश्न टाकला की काय होतं, ते आपण सगळेच पाहतो. पहिल्या मुलाने व्याख्या टाइप केली की प्रश्न तिथेच संपतो. बाकीची मुले तेच वाक्य पुन्हा लिहितात, नाहीतर "मला पण असंच वाटतं" म्हणून मोकळी होतात. यात दोष मुलांचा नाही. भर घालायला प्रश्नात जागाच उरलेली नसते.

म्हणून प्रश्न असा हवा, की मुलांना एक बाजू निवडावी लागेल आणि कारण द्यावं लागेल. पाचवीसाठी हा नमुना पाहा:

"दोन सारखेच ओले टॉवेल आहेत. एक उन्हात आहे, पण घडी घातलेला. दुसरा सावलीत आहे, पण दोरीवर पसरलेला आणि वाऱ्यावर. आधी कोणता वाळेल? का?"

आधी सर्वांनी आपलं उत्तर वहीत लिहावं आणि मग एकदम पाठवावं, म्हणजे पहिल्याची नक्कल होत नाही. त्यानंतर दुसरी सूचना द्या:

"एका मित्राचा हजेरी क्रमांक आणि त्याचा मुद्दा लिहा. त्याला एक कारण, एक अट किंवा एक उलट उदाहरण जोडा."

मग उत्तरांची साखळी साधारण अशी बनते:

क्र. ४: उन्हातला वाळेल, कारण ऊन गरम असतं.

क्र. ११: ४ म्हणतो ऊन गरम असतं, पण घडीच्या आत ऊन पोचत नाही. आतला भाग ओलाच राहील.

क्र. ७: ११चं बरोबर आहे, पसरलेला आधी वाळेल. पण पावसाळ्यात पसरूनही लवकर वाळत नाही, कारण हवाच ओलसर असते.

उष्णता, हवा लागणारा पृष्ठभाग, हवेतली आर्द्रता हे तिन्ही मुद्दे मुलांकडूनच आले. वाऱ्याचं काय, हे अजून कोणी बोललेलं नाही. तो धागा पुढच्या मुलासाठी शिल्लक आहे.

उत्तर खरंच जोडलं गेलंय का, हे ओळखायची सोपी खूण आहे. आधीचं उत्तर झाकून पुढचं वाचा. ते एकटंच पूर्ण वाटलं, तर जोड झालेली नाही. क्र. ११चं उत्तर ४शिवाय अर्धवट वाटतं, म्हणजे जोड आहे.

दोन गोष्टी सांभाळा. तीस मुलांचे संदेश एकदम आले की वरचे वाचायच्या आत सरकून जातात, म्हणून पाच-सहा जणांचे गट करा. आणि मध्येच "शाब्बास, बरोबर!" असं लिहू नका. बाईंनी किंवा सरांनी शिक्कामोर्तब केलं की पुढचं मूल लिहायचं थांबतं. त्याऐवजी "वाऱ्याबद्दल ७ला कोण उत्तर देईल?" एवढंच विचारा.