तीन खांब आणि एक शून्य

रस्त्याच्या कडेला जमिनीचा तिकोनी तुकडा आहे आणि मध्ये कमरेएवढं पीक उभं आहे. पाया गुणिले उंची भागिले दोन, हे सूत्र तोंडपाठ असलं तरी इथे ती उंची मोजायची कशी? टेप घेऊन पिकातून काटकोनात चालत जाणार कोण? बाहेरच्या बाहेर मोजता येतं ते कोपऱ्यांचं ठिकाण. रस्त्यावरचा विजेचा खांब हा आरंभबिंदू धरला, की प्रत्येक कोपरा त्याच्यापासून पूर्वेला किती आणि उत्तरेला किती, एवढंच लिहून घ्यायचं.

समजा, कोपरे निघाले अ (४, २), ब (३४, १०) आणि क (१२, ३८). सगळी मापं मीटरमध्ये. आता विजेचा खांब विसरून जाऊ आणि अ वर उभे राहू. तिथून ब हा ३० पूर्वेला, ८ उत्तरेला. क हा ८ पूर्वेला, ३६ उत्तरेला. हे चार आकडे दोन ओळींत मांडले, की दहावीच्या बीजगणितात भेटलेला निश्चयक तयार होतो:

| ३०   ८ |
|  ८   ३६ |

तिरपा गुणाकार करून वजाबाकी: ३० × ३६ − ८ × ८ = १०८० − ६४ = १०१६. त्याचं निम्मं ५०८ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांहून अगदी किंचित जास्त.

हे निम्मं कुठून आलं? अ पासून ३० रुंद आणि ३६ उंच असा आयत काढा. त्याचं क्षेत्रफळ १०८०. आपला त्रिकोण त्यात नेमका बसतो आणि बाहेर तीन काटकोन त्रिकोण उरतात: खाली १२० चौरस मीटरचा, डावीकडे १४४ चा, वरच्या उजव्या कोपऱ्यात ३०८ चा. एकूण ५७२. ते वजा केले की उरतात ५०८. निश्चयक हीच कापाकापी एका वजाबाकीत उरकतो. पुस्तकात तीन ओळींचा, शेवटच्या स्तंभात १, १, १ असलेला निश्चयक दिसतो तोही हाच आहे. पहिली ओळ बाकीच्या दोन ओळींतून वजा केली की त्यांतले एक शून्य होतात आणि आपले चार आकडे उरतात.

ब आणि क यांची अदलाबदल केली तर उत्तर −१०१६ येतं. मुलं तिथे दचकतात आणि ऋण चिन्ह खोडून टाकतात. क्षेत्रफळापुरतं ते चालतं, पण ते चिन्ह काही सांगत असतं: कोपरे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतले की ऋण, उलट दिशेने घेतले की धन.

आता त्रिकोण चेपत न्या. शेवटी तो रेषा होतो आणि क्षेत्रफळ शून्य. तीन बिंदू एकरेषीय आहेत का, याची कसोटी एवढीच. कुंपणाचे तीन खांब घ्या: (२, १), (२६, ९), (६२, २१). पहिल्यापासून फरक (२४, ८) आणि (६०, २०). २४ × २० − ८ × ६० = ०. खांब सरळ. चढ काढून तुलना करण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. रेषा थेट उत्तर-दक्षिण असली तर चढ काढताना शून्याने भागायची वेळ येते. इथे भागाकारच नाही.

खरी गंमत शेतात होते, कारण तिथे पूर्ण शून्य जवळपास कधीच येत नाही. मधला खांब १० सेंटिमीटर उत्तरेला सरकला, म्हणजे (२६, ९.१) झाला, तर निश्चयक −६ येतो. सहा म्हणजे खूप की थोडं? उलट उदाहरण पाहा. एका फळीवर तीन खिळे ठोकले, काटकोनात, १०-१० सेंटिमीटरवर. मीटरमध्ये त्यांचा निश्चयक फक्त ०.०१. डोळ्यांना तो धडधडीत त्रिकोण दिसतो, तरी त्याचा आकडा कुंपणापेक्षा सहाशे पट लहान! म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही. त्याला टोकाच्या दोन बिंदूंमधल्या अंतराने भागायचं. कुंपणाची दोन टोकं ६३.२५ मीटरवर आहेत. ६ भागिले ६३.२५ म्हणजे सुमारे ०.०९५. मधला खांब ताणलेल्या दोरीपासून साडेनऊ सेंटिमीटर बाहेर आहे. आणि चिन्ह ऋण आहे, म्हणजे पहिल्या खांबाकडून शेवटच्याकडे निघालात तर तो दोरीच्या डाव्या हाताला आहे. खिळ्यांचं पाहिलं तर १४ सेंटिमीटरच्या दोरीपासून तिसरा खिळा ७ सेंटिमीटर लांब.

साडेनऊ सेंटिमीटर मान्य करायचे की खांब उपटायचा, हे टेपच्या चुकीवर ठरतं. टेप दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होत असेल तर खांब खरोखर वाकड्यात आहे. तेच बिंदू मोबाइलच्या जीपीएसने घेतले असतील तर खांबाला दोष देऊ नका. मोकळ्या आकाशाखालीही त्याची चूक काही मीटरची असते. शिवाय मोबाइल अक्षांश-रेखांश देतो अंशांत, आणि आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा काही किलोमीटर आखूड भरतो. ते आकडे तसेच निश्चयकात घातले तर खांबांचा सरळपणा फारसा बिघडणार नाही, पण क्षेत्रफळ चौरस मीटर न येता चौरस अंश येईल, आणि त्याचे थेट गुंठे करता येणार नाहीत.