एका वेळी एकच जागा बदलते

आकड्यांची एक रांग दिलेली असते. क्रम न बदलता त्यातले काही आकडे गाळायचे, पण उरलेल्यांपैकी प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा असला पाहिजे. असे जास्तीत जास्त किती आकडे उरतील? लाँगेस्ट इन्क्रीजिंग सबसिक्वेन्स, म्हणजेच एलआयएस, या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न कोडिंग टेस्टमध्ये बऱ्याचदा येतो. किती आकडे येणार हे प्रश्नाखालीच लिहिलेले असते आणि ती ओळ आधी वाचावी. लीटकोडवरच्या 300 क्रमांकाच्या प्रश्नात जास्तीत जास्त 2500 आकडे असतात. तिथे प्रत्येक आकड्यासाठी मागचे सगळे आकडे तपासणारी साधी दुहेरी लूपही चालते, कारण तुलना साधारण 31 लाखच होतात. सीएसईएसच्या संचात हाच प्रश्न 2 लाख आकड्यांपर्यंत जातो. तिथे त्याच लूपला 2000 कोटी तुलना कराव्या लागतात आणि वेळेची मर्यादा कधीच ओलांडली जाते. n log n पद्धतीत 2 लाख गुणिले साधारण 18, म्हणजे सुमारे 36 लाख पायऱ्या पुरतात. या बचतीचे श्रेय सहसा बायनरी सर्चला दिले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. बायनरी सर्च शेवटी येते. त्याआधी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो, आणि तो बदल ज्याला उमगला नाही त्याचा कोड प्रश्नात जरासा फेरफार होताच कोसळतो.

दुहेरी लूप विचारते: या आकड्यावर संपणारी सर्वांत लांब चढती मालिका किती लांबीची? जलद पद्धत उलटीकडून विचारते: अमुक लांबीची चढती मालिका आतापर्यंत लहानात लहान कोणत्या आकड्यावर संपवता येते? शेवट जितका लहान, तितकी पुढे वाढायला जागा जास्त. म्हणून प्रत्येक लांबीमागे हा एकच आकडा जपला की पुरते. 5, 8, 3, 9, 4, 6, 7, 1 ही रांग घेऊ. 5 आल्यावर यादी [5] होते, 8 आल्यावर [5, 8]. 3 आला की लांबी 1 चा सर्वांत लहान शेवट 3 होतो, म्हणून [3, 8]. 9 शेवटी जोडला जातो: [3, 8, 9]. 4 हा 8 ची जागा घेतो: [3, 4, 9]. या क्षणी जरा थांबून पाहावे. 3, 4, 9 अशी मालिका मूळ रांगेत नाहीच, कारण 9 हा 4 च्या आधी येऊन गेला आहे. तरी यादी बरोबर आहे. तीन लांबीची मालिका 9 वर संपवता येते (5, 8, 9) आणि दोन लांबीची 4 वर (3, 4), एवढेच ती सांगते. पुढे 6 येतो, [3, 4, 6]. मग 7 येतो, [3, 4, 6, 7]. 9 च्या जागी 6 बसला नसता तर 7 ला जोडायला जागाच मिळाली नसती. शेवटी 1 येतो आणि यादी [1, 4, 6, 7] होते. लांबी 4, हे उत्तर बरोबर. पण यादी वाचून कोणी 1, 4, 6, 7 ही मालिका सांगितली तर ती चूक, कारण 1 सगळ्यांच्या शेवटी आला आहे.

```python
from bisect import bisect_left
t = []
for x in a:
    k = bisect_left(t, x)
    if k == len(t):
        t.append(x)
    else:
        t[k] = x
print(len(t))
```

बायनरी सर्च चालायची तर यादी चढत्या क्रमात असायला हवी, आणि ती आपण कुठेही सॉर्ट केलेली नाही. तो क्रम व्याख्येतूनच येतो. चार लांबीची मालिका 7 वर संपत असेल, तर तिचा शेवटचा आकडा काढल्यावर तीन लांबीची मालिका 7 पेक्षा लहान आकड्यावर संपते. म्हणून तीन लांबीचा सर्वांत लहान शेवट 7 पेक्षा लहानच असतो. नवा आकडा x आल्यावर एकच जागा का बदलते, हेही त्याच व्याख्येतून निघते. x पेक्षा लहान असलेले शेवट आधीच लहान आहेत, x त्यांना सुधारू शकत नाही. x इतका किंवा त्याहून मोठा असा पहिला शेवट x ने बदलता येतो, कारण त्याच्या अलीकडचा शेवट x पेक्षा लहान आहे आणि त्याला x जोडता येतो. त्याही पलीकडच्या जागेवर x बसवायचा, तर एकने कमी लांबीची मालिका x पेक्षा लहान आकड्यावर संपायला हवी, आणि तशी मालिका नाही हे आपण नुकतेच पाहिले. सगळ्या पद्धतीचा गाभा या एका जागेत आहे. ती जागा शोधायचे काम तेवढे बायनरी सर्चचे.

यावर आक्षेप येतो की टेस्टमध्ये वेळ मोजका असतो, या नऊ ओळी पाठ असल्या की झाले. नुसती लांबी विचारली तर ते खरे आहे. पण प्रश्नात 'आधीच्यापेक्षा मोठा' ऐवजी 'आधीच्यापेक्षा लहान नसलेला' असे आले की पाठांतर अडते. 2, 2, 2 या रांगेवर `bisect_left` त्याच 2 वर पुन्हा 2 लिहिते आणि उत्तर 1 येते. `bisect_right` पलीकडची जागा देते आणि उत्तर 3 येते. सी++ मध्ये हाच फरक `lower_bound` आणि `upper_bound` यांच्यात आहे. कोणते वापरायचे हे आठवायची गरज नाही. समान आकडा मागच्याला जोडता येतो का, एवढे स्वतःला विचारले की उत्तर मिळते. दुसरी अडचण प्रत्यक्ष मालिका मागितली की येते. तेव्हा यादीत आकड्याऐवजी त्याचा इंडेक्स ठेवायचा आणि प्रत्येक आकडा बसवताना त्याच्या अलीकडच्या जागेत त्या क्षणी कोण होते ते नोंदवायचे. वरच्या रांगेत 4 बसला तेव्हा अलीकडे 3 होता. नंतर 1 ने 3 ला हटवले तरी ती नोंद तशीच राहते. 7 पासून मागे गेले की 6, 4, 3 मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त फसवा आहे: यादी लहानच राहते, मग साधी लूप फिरवून जागा शोधली तर काय बिघडले? रँडम आकड्यांवर खरोखर काही बिघडत नाही. रँडम क्रमात सर्वांत लांब चढती मालिका साधारण 2√n असते, हे 1977 मध्ये लोगन व शेप यांनी आणि स्वतंत्रपणे व्हेर्शिक व केरोव्ह यांनी दाखवले. 2 लाख आकड्यांना ती सुमारे 900 भरते. म्हणजे साध्या लूपलाही 18 कोटींच्या आतच पायऱ्या लागतात आणि सी++ मध्ये तो कोड सहज पास होतो. स्वतःच्या रँडम चाचण्यांवर विसंबणाऱ्याला दोष दिसतच नाही. रांग आधीच चढत्या क्रमात दिली की यादी 2 लाखांपर्यंत वाढते आणि पुढून शोधणारी लूप पुन्हा 2000 कोटींवर जाते. म्हणून सबमिट करण्याआधी पूर्ण चढती, पूर्ण उतरती आणि सगळे आकडे सारखे, या तीन रांगा चालवून पाहाव्यात. पहिलीत वेळेचा दोष उघडा पडतो, तिसरीत `left`-`right` चा. उतरतीचे उत्तर 1 यायला हवे. मोठे आले तर जागा बदलण्याऐवजी आकडा घुसवला जात आहे.

पद्धतीची मर्यादाही त्याच एका जागेपाशी आहे. प्रत्येक आकड्याला वेगळे वजन दिले आणि वजनांची जास्तीत जास्त बेरीज मागितली, तर एकच जागा बदलण्याचा नियम मोडतो. 5 आणि 8 यांचे वजन प्रत्येकी 1, आणि मग 10 वजनाचा 3 आला, तर तो दोघांनाही एकदम निरुपयोगी करतो. तिथे आकड्यांना त्यांच्या क्रमांकांत बदलून फेनविक ट्री घ्यावी. x पेक्षा लहान आकड्यांवर संपणाऱ्या मालिकांतली सर्वांत मोठी बेरीज तीत विचारायची आणि x चे वजन मिळवून x च्या जागी नोंदवायची. वेळ तरीही n log n च लागतो.