‘चकाचक’ म्हणजे नेमकं काय?

‘2016 ची स्विफ्ट, सिंगल हँड, चकाचक, कमी चाललेली, किंमत वाजवी.’ पुण्यातल्या एका स्नेह्यांची ही जाहिरात. साल सोडलं तर यातलं काहीच घेणाऱ्याला सहज पडताळता येत नव्हतं, म्हणून आम्ही ती शब्दाशब्दाने बदलली.

आधी आरसी काढली. गाडी पूर्वी मेहुण्यांच्या नावावर होती. म्हणून ‘सिंगल हँड’ जाऊन ‘दुसरे मालक’ आलं. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. ‘बँकेची एनओसी आहे, बोजा उतरवून देऊ’ असं लिहिलं. ‘कमी चाललेली’ऐवजी ‘68,400 किमी, सर्व्हिसची सगळी बिलं आहेत’ असं घातलं. प्रत्येक बिलावर त्या वेळचे किलोमीटर असतात. मीटर मागे फिरवलं असेल तर ते तिथे उघडं पडतं. ‘चकाचक’च्या जागी ‘मागचा डावा दरवाजा रंगवलेला, क्लच बदलावा लागेल’ आलं, आणि क्लचचा खर्च वजा करून किंमत आकड्यात लिहिली.

शेवटची ओळ: ‘तुमचा मेकॅनिक आणा, गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवू.’ गरम इंजिन चटकन सुरू होतं आणि दोष झाकून नेतं.

तुम्ही गाडी घेणार असाल, तर जाहिरातीत नसलेल्या या गोष्टी बघायला जाण्याआधी फोनवरच विचारा.