दार बंद झाल्यावर

संध्याकाळी घरी यावं तर दाराची चौकट कुरतडलेली, हॉलमध्ये लघवी आणि शेजाऱ्यांची तक्रार, की कुत्रा दिवसभर रडत होता. ‘एकटं ठेवलं म्हणून सूड उगवला’ असं समजून त्याला ओरडा बसतो. तो मान खाली घालतो, मग आपली खात्रीच पटते. पण अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं, की तो ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे येतो. कुत्र्याने खोडी केली आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. शिक्षेने भीती तेवढी वाढते.

खरं काय घडतं ते पाहायला मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा बहुधा आधी झोप काढतो, खाऊ संपवतो आणि मग चप्पल शोधतो. घाबरलेला कुत्रा दार बंद होताच किंवा पहिल्या अर्ध्या तासात येरझारा घालू लागतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, दार खरवडतो. आवडीचा खाऊही तसाच पडून राहतो. घर बदलणं, मालक बदलणं, सदैव घरी असणारं माणूस अचानक कामावर जाऊ लागणं, अशा बदलांनंतर हे अनेकदा सुरू होतं. घरात लघवी करण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवावं.

आता उपाय. समजा, रेकॉर्डिंगमध्ये कुत्रा चाळिसाव्या सेकंदाला अस्वस्थ होतो. मग सराव दहा सेकंदांच्या आतच सुरू करायचा. किल्ल्या उचलताच तो बिथरत असेल, तर त्याच्याही आधीपासून: किल्ल्या उचला आणि पुन्हा सोफ्यावर बसा. त्याने लक्ष देणं सोडलं, की बाहेर जाऊन पाच सेकंदांत परत या. मग दहा, मग तीन, मग पंधरा, पुन्हा आठ. आकडा सतत चढता ठेवला, तर प्रत्येक खेप आधीपेक्षा कठीण होत जाते. ओठ चाटणं, जांभया देणं, दाराकडे टक लावणं ही भुंकण्याआधीची लक्षणं आहेत. ती दिसली, की पुढची खेप छोटी करा. अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्यानंतर बहुधा वेळ भराभर वाढवता येतो.

सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे. सकाळी दहा सेकंदांचा सराव करून दुपारी चार तास एकटं ठेवलं, तर केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून या काळात आजी-आजोबा, शेजारी, पगारी सांभाळणारा, कोणीतरी सोबत हवंच. पिंजऱ्यात कोंडू नका. घाबरलेली कुत्री गज चावून दात मोडून घेतात. दुसरा कुत्रा आणूनही सहसा फरक पडत नाही, कारण त्याला हवं असतं ते माणूस.

भीती फार तीव्र असेल, तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कुत्र्याला कधीही देऊ नका.