समाकलनात पद्धत कशी ओळखावी?

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूर असो वा पुणे, बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवावे लागतात. एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. त्यामुळे सूत्रे पाठ असूनही नेमकी कोणती पद्धत वापरायची, यावरच समाकलनाचा, म्हणजे इंटिग्रेशनचा, प्रश्न अडतो.

अवकलनात, म्हणजे डिफरन्सिएशनमध्ये, ही अडचण नसते. तेथे बेरीज, गुणाकार, भागाकार आणि फलनाच्या आत फलन असे चारच नियम आहेत. पदावलीतील सर्वांत बाहेरची क्रिया पाहिली की नियम आपोआप ठरतो. समाकलनात मात्र गुणाकाराचा सरळ नियमच नाही. म्हणून तेथे प्रश्न विचारावे लागतात, आणि तेही ठरावीक क्रमाने.

सारख्या दिसणाऱ्या तीन पदावल्या घेऊ.

पहिली, `x·e^(x²)`. पहिला प्रश्न असा: आतील फलनाचे अवकलज बाहेर गुणक म्हणून उभे आहे काय? `x²` चे अवकलज `2x` आहे आणि बाहेर `x` आहे. उणीव केवळ स्थिरांकाची. म्हणून आदेशन पद्धतीने `t = x²` मानावे. उत्तर `½e^(x²) + C`.

दुसरी, `x·e^x`. येथे आदेशन लागू पडत नाही. मग दुसरा प्रश्न: हा दोन भिन्न जातींच्या फलनांचा गुणाकार आहे काय? असल्यास खंडशः समाकलन करावे. ज्याचे अवकलन केल्यावर ते सोपे होते, ते फलन `u` मानावे, येथे `u = x`. उत्तर `(x−1)e^x + C`. चुकून `u = e^x` घेतले, तर पुढील समाकलनात `x` च्या जागी `x²` येतो. पद वाढू लागले, की निवड उलटी झाली असे समजावे.

तिसरी, `e^(x²)`. ही सर्वांत साधी दिसते; परंतु तिचे समाकलन नेहमीच्या फलनांत मांडताच येत नाही. फ्रेंच गणिती लिऊव्हील यांनी १८३० च्या दशकात विकसित केलेल्या सिद्धांताने हे सिद्ध होते. गणित करताना असे पद उरले, तर आधीची पायरी तपासावी.

पदावली बहुपदींचा भागाकार असेल, तर आधी छेद हा अंशाच्या अवकलजाशी नव्हे, तर अंश हा छेदाच्या अवकलजाशी जुळतो काय, हे पाहावे. जुळल्यास उत्तर लॉगमध्ये येते. न जुळल्यास आणि छेदाचे अवयव पडत असल्यास आंशिक अपूर्णांक करावेत. अंशाची कोटी छेदाइतकी किंवा अधिक असेल, तर त्यापूर्वी भागाकार करून घ्यावा.

शेवटी उत्तराचे अवकलन करून पाहावे. `(x−1)e^x` चे अवकलन `e^x + (x−1)e^x`, म्हणजेच `x·e^x`. मूळ पदावली परत मिळाली, म्हणजे उत्तर बरोबर. पर्यायी प्रश्नांत तर अनेकदा दिलेल्या चार पर्यायांचेच अवकलन करणे अधिक जलद ठरते.